ठरलेलं, न ठरलेलं आणि कळवण्याची तारीख

प्रश्न: गोव्यात आमची पॅकेजिंगची कंपनी आहे, एक कारखाना कुंडईला आणि एक वेर्ण्याला. दोन्हीकडचे खरेदी, स्टोअर आणि डिस्पॅच हे विभाग आता एकत्र होणार आहेत. एमडींनी मला सगळ्या स्टाफसाठी निवेदन लिहायला सांगितलंय. ‘लोकांना धीर दे, पण खोटं काही लिहू नकोस,’ असं म्हणाले. अर्ध्या गोष्टी अजून ठरलेल्याच नाहीत. तसं लिहिलं तर लोक घाबरतील, नाही लिहिलं तर उद्या आम्हीच तोंडघशी पडू. कसं लिहू?

उत्तर:

आधी एक गोष्ट धरून चला: विभाग एकत्र होणार ही बातमी लोकांपर्यंत बहुधा पोचलेली आहे. वेर्ण्याचा माणूस कुंडईच्या स्टोअरमध्ये रॅक मोजून गेला, दोन्हीकडच्या सप्लायरच्या याद्या मागवल्या गेल्या, एवढ्यावरून स्टोअरकीपरला सगळं समजतं. त्याला समजत नाही ते एवढंच, की आपलं काय होणार आणि ते आपल्याला कधी कळणार. यातल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर आज तुमच्याकडे नसेल. दुसऱ्याचं देता येतं, आणि निवेदनातून मिळणारा धीर बव्हंशी तिथूनच येतो. ‘कंपनी तुमच्या पाठीशी आहे’ हे वाक्य वाचून कुणाची झोप परत येत नाही. ‘३० जूनपर्यंत तुमच्या पदाबद्दल तुम्हाला समोर बसवून सांगू, तोवर तुमच्या कामात, पगारात, जागेत काही बदल नाही’ हे वाचून माणूस निदान ३० जूनपर्यंत तरी नीट काम करू शकतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी एमडींसोबत तासभर घ्या. या बदलातली प्रत्येक गोष्ट एका कागदावर उतरवा आणि तिचे चार गट करा. पहिल्यात ठरलेलं आणि आज सांगता येण्याजोगं. दुसऱ्यात ठरलेलं, पण आज सांगता न येणारं. तिसऱ्यात न ठरलेलं, पण ज्याचा निर्णय कंपनीच्या हातात आहे ते. चौथ्यात न ठरलेलं आणि ज्याचा निर्णय बाहेरच्या कुणाच्या तरी हातात आहे ते.

निवेदनं फसतात ती बहुतेक दुसऱ्या गटामुळे. विभागप्रमुख कोण होणार हे ठरलेलं असतं, पण दुसऱ्या उमेदवाराला अजून सांगितलेलं नसतं. मग निवेदनात ‘याबाबत अद्याप निर्णय झालेला नाही’ असं लिहिलं जातं. चार दिवसांनी नाव जाहीर होतं आणि सगळ्यांना कळतं की निर्णय तेव्हाच झालेला होता. त्या एका वाक्यामुळे पुढची खरीखुरी ‘ठरलेलं नाही’ ही वाक्यंही कुणी मानत नाही. यावर उपाय दोनच आहेत. एक, निवेदन दोन दिवस पुढे ढकला, त्या माणसाला आधी सांगा आणि ती गोष्ट पहिल्या गटात आणा. दोन, ते जमत नसेल तर सरळ लिहा, की विभागप्रमुखाचं नाव अमुक तारखेला जाहीर करू. निर्णय झाला आहे की नाही याबद्दल काहीच बोलू नका. गप्प राहणं चालतं, पण ठरलेल्या गोष्टीला ‘ठरलेली नाही’ म्हणणं चालत नाही.

तिसरा आणि चौथा गट वेगळा ठेवण्यालाही कारण आहे. जे कंपनीच्या हातात आहे त्याला निर्णयाची तारीख देता येते. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याला फक्त कळवण्याची तारीख देता येते. उदाहरणार्थ, डिस्पॅच हलवणं वेर्ण्याच्या नव्या गोदामावर अवलंबून असेल आणि त्या गोदामाचा भाडेकरार व अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला यायचा असेल, तर ‘१५ जुलैपर्यंत निर्णय होईल’ असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने वचन देणं. तिथे लिहायचं असं: ‘१५ जुलैला आम्ही स्थिती कळवू, त्या दिवसापर्यंत दाखला आलेला असो वा नसो.’ हे वचन मात्र पूर्णपणे तुमच्या हातात राहतं.

तुमचे नेमके तपशील मला माहीत नाहीत, म्हणून एक रचना गृहीत धरतो. खरेदी विभागात दोन्हीकडे मिळून अकरा माणसं आहेत, ती सगळी वेर्ण्याला बसणार. स्टोअर दोन्हीकडे राहणार, कारण उत्पादन दोन्हीकडे आहे, पण प्रमुख एकच असणार. डिस्पॅचचं गोदामावर अडलेलं आहे. खरेदीत काही कामं दुहेरी होतात, त्यामुळे किती पदं लागतील हे अजून मोजायचं आहे. यावर निवेदन साधारण असं होईल:

‘सप्टेंबरपासून कुंडई आणि वेर्णा इथले खरेदी, स्टोअर आणि डिस्पॅच हे विभाग प्रत्येकी एका प्रमुखाखाली काम करतील. आज दोन्ही कारखाने एकाच सप्लायरकडून वेगवेगळ्या दराने माल घेतात आणि एकाकडे साठा पडून असताना दुसरा नवी ऑर्डर देतो. हे थांबवण्यासाठी हा बदल आहे.

जे ठरलं आहे ते असं. उत्पादन, क्वालिटी आणि मेंटेनन्स या विभागांत या बदलामुळे काहीही बदलणार नाही. स्टोअर दोन्ही कारखान्यांत आहे तिथेच राहील. खरेदी विभाग १ सप्टेंबरपासून वेर्ण्याला बसेल. जे या तीन विभागांत राहतील त्यांचा पगार, श्रेणी, साठलेली रजा आणि आजवरची सेवा जशी आहे तशी पुढे चालू राहील.

तीन गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत. पहिली, खरेदी विभागात किती पदं लागतील. दोन्हीकडची कामं मोजून हा निर्णय एमडी आणि खरेदीप्रमुख ३० जूनपर्यंत घेतील. आजच्यापेक्षा कमी पदं लागण्याची शक्यता आहे. तसं झालं तर संबंधितांना आधी कंपनीतल्या इतर विभागांतल्या रिकाम्या जागांवर विचारलं जाईल. ३० जूनच्या आत अकराही जणांशी त्यांचे वरिष्ठ आणि एचआर समोरासमोर बोलतील. तोवर त्यांच्या कामात, पगारात, जागेत काही बदल नाही. दुसरी, कुंडईहून वेर्ण्याला जाणाऱ्यांसाठी कंपनीची बस सुटेल की प्रवासभत्ता मिळेल. कोण कुठून येतं याची माहिती या आठवड्यात घेऊ आणि एमडी ३० जूनला निर्णय सांगतील. तोवर कुणालाही वेर्ण्याला जावं लागणार नाही. तिसरी, डिस्पॅच कुठे बसेल. हे वेर्ण्याच्या नव्या गोदामाच्या करारावर आणि अग्निशमन दलाच्या दाखल्यावर अवलंबून आहे. त्याची स्थिती १५ जुलैला कळवू, दाखला आलेला असो वा नसो. तोवर डिस्पॅच आज आहे तसंच चालेल.

तुमचे प्रश्न तुमच्या सुपरवायझरला किंवा एचआरला विचारा. ज्यांची उत्तरं आज नाहीत तेही लिहून घेतले जातील आणि दर शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत नोटीस बोर्डावर उत्तरं लागतील.’

खाली एमडींची सही. एचआरची सही पुरत नाही, कारण यातली वचनं एचआर स्वतःच्या अधिकारात पाळू शकत नाही.

आता यातली काही वाक्यं अशीच का, ते सांगतो. कारण देणारं वाक्य लहान आहे आणि त्यात दर व साठा यांचा उल्लेख आहे. ‘कार्यक्षमता वाढवण्यासाठी’ एवढंच लिहिलं असतं तर प्रत्येकाने त्याचा अर्थ ‘माणसं कमी करण्यासाठी’ असा लावला असता. खरं कारण दिलं की लोक ते स्वतःच्या अनुभवावर ताडून बघतात. स्टोअरमधला माणूस म्हणतो, हो, गेल्या महिन्यात शीट्स पडून होत्या आणि तरी ऑर्डर गेली होती. पण मूळ उद्देश खर्चकपात हाच असेल तर हे कारण पुढे करू नका. तेही लोक ओळखतात.

प्रत्येक न ठरलेल्या गोष्टीसोबत चार धागे आहेत: ती कशावर अडली आहे, ती कोण ठरवणार, कधी कळणार आणि तोवर काय चालू राहणार. यातला एकही सुटला तर वाक्य पोकळ होतं. सरकारी वळणाची भाषा इथे विशेष घात करते. ‘योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल’ या वाक्यात कोण ठरवणार तेही नाही आणि कधी तेही नाही. मसुदा तपासताना ‘लवकरच’, ‘यथावकाश’ आणि ‘घेण्यात येईल’ यांच्याखाली रेघ मारा. तिथे माणूस आणि तारीख घालता येत नसेल तर समजा, की ती गोष्ट कुणाच्याच जबाबदारीवर नाही, आणि आधी एमडींकडून ती जबाबदारी ठरवून घ्यावी लागेल.

‘आजच्यापेक्षा कमी पदं लागण्याची शक्यता आहे’ हे वाक्य एमडी खोडायला सांगतील. तयारी ठेवा. त्यांना एकच प्रश्न विचारा: या बदलात एकाही माणसाची नोकरी जाईल अशी कुठलीही शक्यता उरते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य काढा आणि ‘या बदलामुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही’ असं ठामपणे लिहा. ते लिहिणं त्यांच्यावर बंधनकारक ठरेल आणि त्याहून मोठा धीर कुठला नाही. उत्तर ‘तसं सांगता येत नाही’ असेल तर ते वाक्य राहिलंच पाहिजे. खरेदीतल्या अकरा जणांना हिशेब करता येतो. एकाच सप्लायरशी दोघं बोलतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ते वाक्य नसेल तर वाचणारा ती शंका स्वतःच पुरवतो आणि ती अकरांवर न थांबता सगळ्या कारखान्याला लागू करतो. भीती लिहिली की ती जिथली आहे तिथे राहते. वर उत्पादन, क्वालिटी आणि मेंटेनन्स यांची नावं घेऊन ‘काहीही बदलणार नाही’ म्हटलंय ते यासाठीच.

मधला मार्ग म्हणजे मुदतीचं वचन: ‘३१ डिसेंबरपर्यंत या बदलामुळे कुणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही.’ कंपनीला पगाराचा भार तेवढे महिने झेपणार असेल तर हे फार उपयोगी पडतं, कारण पदांची संख्या कमी व्हायला राजीनामे आणि निवृत्ती यांना वेळ मिळतो. पण हे लिहिण्याआधी अकाउंट्सच्या प्रमुखाने आकडा पाहिलेला हवा. आणि डिसेंबरनंतर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार, तेव्हा त्याच्या उत्तराची तारीखही ठरवून ठेवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. निवेदन ही कायदेशीर नोटीस नसते, दोन्ही कागद वेगळे ठेवा. कामगारांच्या कामाच्या वेळा, शिफ्ट, पगार यांसारख्या अटी बदलायच्या असतील तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९अ मध्ये होती आणि औद्योगिक संबंध संहिता २०२० च्या कलम ४० मध्येही आहे. म्हणून निवेदनात ‘पुढच्या सोमवारपासून शिफ्ट बदलेल’ असं काही सहज लिहून बसू नका. कामगाराची वर्षभर अखंड सेवा झाली असेल आणि त्याला कमी करायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन ही कायद्याची किमान पायरी आहे. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना ही संरक्षणं मिळत नाहीत, त्यांच्यासाठी नेमणूकपत्र बघावं लागतं. बदलीचं कलम नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशात आहे का, हेही आधी पाहा, कारण कुंडईचा माणूस वेर्ण्याला पाठवण्याचा अधिकार त्यावर ठरतो. मान्यताप्राप्त युनियन असेल तर पदाधिकाऱ्यांना निवेदनाआधी बोलवा, आणि मसुदा कंपनीच्या कामगार कायद्याच्या सल्लागाराला एकदा दाखवा.

बस आणि भत्त्याला मी निवेदनात स्वतंत्र जागा दिली, कारण गोव्यात अशा बदलांत पगाराखालोखाल प्रश्न येतो तो प्रवासाचा. साखळी-डिचोलीहून कुंडईला येणाऱ्याला वेर्णा म्हणजे रोज दोन्ही वेळचा जास्तीचा प्रवास, आणि दुसऱ्या शिफ्टनंतर परतीची बस मिळेलच असं नाही. काहींसाठी हाच प्रश्न नोकरी टिकवण्या-सोडण्याचा ठरतो, विशेषतः घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्यांसाठी. निर्णय झालेला नसला तरी तुम्ही माणसांची गावं आणि वेळा विचारता आहात, एवढ्याने लोकांना कळतं की हा विचार झालेला आहे. फक्त माहिती घेताना ‘तुम्ही वेर्ण्याला यायला तयार आहात का’ असा प्रश्न त्याच फॉर्मवर घालू नका. अजून पदंच ठरलेली नसताना तो राजीनाम्याचा प्रश्न वाटतो.

कंत्राटी कामगारांना विसरू नका. ते तुमच्या पगारपत्रकावर नसतात, पण डिस्पॅचमधलं लोडिंग बहुधा तेच करतात आणि नोटीस बोर्ड तेही वाचतात. कंत्राटदाराच्या सुपरवायझरला त्याच दिवशी बोलावून सांगा, की डिस्पॅचचा निर्णय होईपर्यंत कंत्राट आहे तसं चालेल, आणि तसं ते खरंच चालणार असेल तरच सांगा.

सांगण्याचा क्रम निवेदनाच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा आहे. सकाळी सर्वांत आधी दोन्हीकडचे सुपरवायझर आणि विभागप्रमुख, अर्धा तास, हातात मसुदा आणि संभाव्य प्रश्नांची उत्तरं. लोक एमडींकडे जाणार नाहीत, सुपरवायझरलाच विचारणार, आणि त्याने ‘मला पण आत्ताच कळलं’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. त्यानंतर लगेच खरेदीतले अकरा जण, समोरासमोर, दोन्ही कारखान्यांत एकाच वेळी, कारण कुंडईतली बातमी वेर्ण्याला फोनवर दोन मिनिटांत पोचते. मग जेवणाच्या सुट्टीआधी सगळा कारखाना, आणि दुसऱ्या शिफ्टला ती सुरू होताना पुन्हा तेच. सगळं एकाच दिवसात. तोंडी कोकणीत सांगा, गरज असेल तिथे हिंदीत. लेखी कागद मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही ठेवा आणि दोन्हींतल्या तारखा दोघांकडून जुळवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं तर पूर्ण पानाचा फोटो टाका. सारांश टाकला की त्यातली ‘शक्यता’ गळते आणि ‘पदं कमी होणार’ एवढंच फिरतं.

दिवस मंगळवार किंवा बुधवार निवडा, म्हणजे प्रश्न विचारायला आठवडा शिल्लक राहतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर लोक शनिवार-रविवार घरी बसून सगळ्यात वाईट अर्थ लावतात. चतुर्थीच्या सुट्टीआधीचे दिवस तर पूर्ण टाळा. प्रत्यक्ष स्थलांतराची तारीख चतुर्थीच्या आठवड्यात येत असेल तर तीही मागे-पुढे करा, नाहीतर अर्धा विभाग गावी आणि फाइली टेम्पोत अशी अवस्था होते.

निवेदन पोचलं का, हे तपासायला दोन दिवसांनी वेगवेगळ्या विभागांतल्या पाच-सहा जणांना दोन प्रश्न विचारा: तुमच्या कामात काय बदलणार आणि बाकीचं तुम्हाला कधी कळणार? मेंटेनन्सचा माणूस ‘माझ्यात काही नाही’ म्हणाला आणि खरेदीतला ‘३० जूनला कळेल’ म्हणाला, तर मजकूर चालला. मेंटेनन्सचा माणूसही ‘बघू, काय ते’ म्हणत असेल तर त्याच्या सुपरवायझरपर्यंतच काहीतरी अडलं आहे. दुसरं लक्षण नोटीस बोर्डावरच्या प्रश्नांत दिसतं. ‘बस किती वाजता’ असे नेमके प्रश्न येत असतील तर लोक बदल धरून चाललेत. कुणीच काही विचारत नसेल तर ती शांतता समाधानाची समजू नका, लोक प्रश्न दुसरीकडे विचारताहेत. अशा वेळी चेकलिस्ट घेऊन शॉपफ्लोअरवर जाण्यापेक्षा चहाच्या वेळी सुपरवायझरांकडून काय कानावर येतंय ते घ्या आणि ते प्रश्न नाव न लिहिता शुक्रवारच्या कागदात टाका.

शेवटी ३० जूनचं. समजा कामांची मोजणी लांबली आणि त्या दिवशी पदसंख्या ठरलेली नाही. तेव्हा सर्वांत वाईट म्हणजे ती तारीख गुपचूप जाऊ देणं. त्याच दिवशी, दुपारच्या आत, चार ओळी लावा: ‘खरेदीतल्या पदांचा निर्णय आज सांगणार होतो. दोन्हीकडच्या ऑर्डरची मोजणी पूर्ण झालेली नाही, कुंडईची राहिली आहे. ती ७ जुलैला पूर्ण होईल आणि निर्णय १० जुलैला सांगू. तोवर सगळ्यांची कामं आहेत तशीच राहतील. बसचा निर्णय मात्र झाला आहे, तो खाली दिला आहे.’ नवी तारीख देताना हात राखून द्या, दुसऱ्यांदा तारीख पुढे गेली तर अकराही जणांना एमडींनी स्वतः भेटावं लागेल. त्यासाठी त्यांच्या डायरीत ३० जून आणि १० जुलै या दोन्ही दिवशीचा एकेक तास आजच राखून ठेवा.